पाकिटावरची तारीख आणि घरातला औषधाचा डबा

मागच्या महिन्यात आमच्या वस्तीतल्या विहारात रविवारच्या वंदनेनंतर महिला मंडळाची बैठक होती. मी आधीच सांगून ठेवले होते की, येताना प्रत्येकीने घरातला औषधाचा डबा घेऊन यायचा. कुणी बिस्किटाचा पत्र्याचा डबा आणला, कुणी प्लास्टिकची पिशवी, एका आजींनी तर पदराला बांधलेल्या चार गोळ्या सोडून दाखवल्या. सरकारी दवाखान्यात औषधवाटपाच्या खिडकीवर माझी बावीस वर्षे गेली. त्या खिडकीतून औषध कधी घ्यायचे ते आम्ही सांगत होतो. पण घरी गेल्यावर ते कुठे ठेवले जाते आणि उरलेल्याचे काय होते, हे मी त्या दिवशी पहिल्यांदा नीट पाहिले.

एका ताईंच्या डब्यात लहान मुलाच्या अमॉक्सिसिलिनची बाटली होती. अमॉक्सिसिलिन हे अँटिबायोटिक आहे. मुलांसाठी ते पावडरच्या रूपात येते आणि घरी पाणी घालून तयार करावे लागते. बाटलीवर मुदत ११/२०२७ अशी छापलेली. जुलैत मुलाला कान दुखून ताप आला तेव्हा त्यांनी ती आणली, पाणी घालून हलवली आणि चार दिवस दिली. ताप उतरला, म्हणून बंद केली. अर्धी बाटली चुलीवरच्या फळीवर राहिली. ऑक्टोबरात पुन्हा ताप आला, तेव्हा ताईंनी तारीख वाचली, अजून दोन वर्षे आहेत असे पाहिले आणि तेच औषध तीन दिवस पाजले. ताप काही हटला नाही. शेवटी दवाखाना गाठावा लागला.

ताई शिकलेल्या आहेत, त्यांनी तारीख बरोबर वाचली होती. चूक वाचण्यात नव्हती. ती तारीख ज्या औषधाची होती ते औषध त्या बाटलीत उरलेच नव्हते.

छापलेली मुदत ही बंद, कोरड्या पावडरीची असते. पावडर कोरडी असेपर्यंत औषधाचे कण टिकून राहतात. पाणी पडले की ते कण पाण्यात हळूहळू मोडू लागतात, आणि उन्हाळी घरात तर भराभर मोडतात. म्हणून अशा बहुतेक बाटल्यांवर बारीक अक्षरात लिहिलेले असते की, तयार केल्यावर सात दिवसांत वापरा व थंड जागी ठेवा. काही औषधांना पाच दिवस असतात, काहींना दहा; आपल्या बाटलीवर जे छापले असेल तेच धरायचे. जुलैत बनवलेले औषध ऑक्टोबरात म्हणजे अँटिबायोटिकचा वास असलेले गोड पाणी. शिवाय त्यात जे थोडे औषध उरलेले असते ते जंतूंना मारत नाही, नुसते डिवचते, आणि पुढच्या वेळी खरे औषधही त्यांच्यावर चालेनासे होते. म्हणूनच अँटिबायोटिक ताप उतरल्यावर मधेच थांबवू नये आणि उरवूनही ठेवू नये. डॉक्टरांनी जेवढे दिवस सांगितले तेवढे द्यावे आणि उरलेले टाकून द्यावे.

आता छापलेली तारीख कशी वाचायची ते पाहू, कारण तिथेही गोंधळ होतोच. औषधाच्या पट्टीवर बहुधा इंग्रजीतच मजकूर असतो. त्यात एम-एफ-जी ही तीन अक्षरे असतील तिथे औषध बनवल्याचा महिना असतो, आणि ई-एक्स-पी ही तीन अक्षरे असतील तिथे संपण्याचा. बी-नंबर म्हणजे बॅच. कोणत्या घाण्यातून ती गोळी आली त्याचा तो नंबर, त्याचा तारखेशी संबंध नाही. दोन तारखांपैकी कोणती कुठली हे कळेनासे झाले तर एवढे लक्षात ठेवा की अलीकडची असते ती बनवल्याची आणि पुढची असते ती संपण्याची. महिना कधी आकड्यात असतो, कधी इंग्रजी अक्षरात. त्यात जून आणि जुलै फसवतात, कारण दोन्हींची पहिली दोन अक्षरे सारखीच असतात. तिसरे अक्षर एन असेल तर जून, एल असेल तर जुलै. मार्च आणि मे यांचेही तसेच; शेवटी आर असेल तर मार्च, वाय असेल तर मे. घरातल्या शाळकरी मुलीला हे एकदा दाखवा, ती आजीची पट्टी वाचून देईल.

औषधावर दिवस सहसा नसतो, फक्त महिना आणि वर्ष असते. मग त्या महिन्याच्या एक तारखेला संपले की शेवटी? आपल्या देशातल्या औषधविषयक नियमांत याचे उत्तर स्पष्ट आहे. छापलेल्या महिन्याच्या शेवटच्या दिवसापर्यंत औषध वापरायचे असते. ताप उतरवणाऱ्या पॅरासिटामॉलच्या पट्टीवर बनवल्याचा महिना ०९/२०२४ आणि संपण्याचा ०८/२०२७ असेल, तर ती गोळी ३१ ऑगस्ट २०२७ पर्यंत चालते, १ सप्टेंबरला नाही. बैठकीत एका बाईंनी महिना लागला म्हणून रक्तदाबाची अख्खी पट्टी फेकल्याचे सांगितले. तीस दिवसांच्या गोळ्या होत्या त्या, आणि नवी पट्टी आणायला पैसे नाहीत म्हणून आठवडाभर त्यांनी गोळीच घेतली नव्हती. रक्तदाबाच्या माणसाला तो आठवडा फार महाग पडू शकतो.

आपल्या वस्त्यांत खरी अडचण दुसरीच आहे. आपण पूर्ण पट्टी घेतच नाही. मेडिकलवर "दोन द्या, चार द्या" म्हणतो आणि दुकानदार कात्रीने कापून देतो. पट्टीची तारीख एका टोकाला किंवा काठावर ठोकलेली असते, आणि आपल्या हाती मधला तुकडा येतो. त्या दिवशीच्या डब्यांत अशा तारीख नसलेल्या तुकड्यांचा मी ढीग लावला. काहींवर तर औषधाचे नावही अर्धेच होते. तो तुकडा कशाचा, कधीचा, हे मलाही सांगता येईना. म्हणून गोळ्या सुट्या घ्यायला हरकत नाही, पण कापण्याआधी पट्टी हातात मागून तारीख पाहा आणि बिल मागा. पक्क्या बिलावर औषधाचे नाव, बॅच आणि मुदत यांचे रकाने असतात. बिल मिळाले तर तो कागद आणि तुकडा एका छोट्या पिशवीत एकत्र ठेवा. नाहीच मिळाले, तर पट्टीच्या तुकड्याला कागद गुंडाळून त्यावर नाव आणि मुदत लिहा. घरी उरलेली पट्टी कापतानाही तारीख नसलेल्या टोकाकडून कापत या, म्हणजे शेवटच्या गोळीपर्यंत तारीख शिल्लक राहील.

पावडरच्या बाटलीसारखीच "उघडल्यापासूनची" दुसरी मुदत आणखी काही औषधांना असते, आणि ती पाळली जात नाही. डोळ्यांत घालायचे ड्रॉप उघडल्यावर साधारण एक महिनाच वापरायचे, मग बाटलीवर पुढच्या वर्षाची तारीख का असेना. बाटलीचे टोक पापणीला, बोटाला लागत राहते, आत जंतू जातात, आणि डोळ्यासारख्या नाजूक जागी आपणच ते सोडतो. ओआरएसची पूड पाकीट बंद असेपर्यंत छापील मुदतीपर्यंत टिकते, पण पाण्यात मिसळली की ते पाणी चोवीस तासांत संपवायचे, उरले तर ओतून द्यायचे. साखरेच्या रुग्णांचे इन्सुलिन बंद बाटलीत फ्रीजमध्ये छापील तारखेपर्यंत चालते. एकदा सुई टोचली की बहुतेक इन्सुलिनला २८ दिवस मिळतात. आपल्या बाटलीबरोबरच्या कागदावर किती दिवस आहेत ते मेडिकलवाल्याकडून वाचून घ्या. या सगळ्यांसाठी मी सांगते तो उपाय एक मार्कर पेन. बाटली उघडली, पाणी घातले किंवा सुई टोचली, त्या क्षणी त्या दिवसाची तारीख बाटलीवर मोठ्या अक्षरात लिहायची. दुकानाच्या तारखेखाली घरची तारीख.

आता उन्हाविषयी. पट्टीवर तारखेच्या शेजारी आणखी एक ओळ असते, ती कुणी वाचत नाही. "३० अंशांपेक्षा कमी तापमानात, ओलावा व प्रकाश यांपासून दूर ठेवा" अशा अर्थाची ती ओळ असते. काहींवर २५ अंश लिहिलेले असते. छापलेली मुदत ही या अटीसकट दिलेली आहे. एप्रिल-मे महिन्यांत नागपूर-चंद्रपूरकडे सावलीतला पारा चाळीसच्या वर जातो आणि पत्र्याच्या छपराखाली तर त्याहून जास्त. मुंबईत पावसाळ्यात भिंतीच ओल्या. म्हणजे आपल्या घरात अट मोडली जातेच, आणि मुदत छापील तारखेच्या आधीच संपू शकते. घर बदलणे आपल्या हातात नाही, जागा बदलणे आहे. चुलीवरची फळी, टीव्हीचा माथा, खिडकीची चौकट, पत्र्याला टेकलेले लोखंडी कपाट या सर्वांत वाईट जागा. गरम हवा वर जाते, म्हणून औषधाचा डबा कपाटाच्या सर्वांत खालच्या कप्प्यात, उन्हाकडे पाठ असलेल्या भिंतीशी ठेवा. डबा घट्ट झाकणाचा असावा आणि मुलांचा हात पोचत असेल तर कुलूप लावलेले बरे. गोळ्या पट्टीतून काढून एकत्र बाटलीत भरू नका, पट्टीचा कागद हाच त्यांचा ओलाव्यापासून बचाव आहे.

इन्सुलिन घेणाऱ्यांकडे फ्रीज नसेल तर शेजाऱ्यांच्या फ्रीजमध्ये ठेवायला लाजू नका. मात्र बर्फाच्या कप्प्यात किंवा त्याला चिकटून नाही. एकदा गोठलेले इन्सुलिन वितळले तरी कामाचे राहत नाही. तेही शक्य नसेल तर दोन मडकी घ्या, एकात एक मावतील अशी. मधल्या फटीत वाळू भरून ती ओली ठेवा, आतल्या मडक्यात इन्सुलिन घट्ट बंद डबीत ठेवा आणि वर ओले फडके झाका. पाणी उडून जाताना मडके थंड होते, तेच आपल्या पिण्याच्या माठाचे तत्त्व. कोरड्या उन्हाळ्यात हे छान चालते, पावसाळ्यात दमट हवेत फारसे नाही. फ्रीजची बरोबरी याने होत नाही, त्यामुळे महिन्याभरापेक्षा जास्त साठा करू नका.

औषध तारखेआधीच बिघडले हे ओळखण्याच्या काही खुणा आहेत. गोळीवर डाग पडतात, कडा झडतात, कॅप्सूल एकमेकींना चिकटतात. ॲस्पिरिनच्या पट्टीला आंबट, व्हिनेगरसारखा वास आला तर ती मोडून गेलेली असते. ओआरएसच्या पुडीचा खडा झालेला असतो. एरवी पाण्यासारखे स्वच्छ दिसणारे इन्सुलिन गढूळ दिसते. असे काही दिसले तर तारीख बघतही बसू नका. पण उलट धरू नका. दिसायला चांगले म्हणजे चांगले असे औषधांत नसते. निम्मा जोर गेलेली गोळी पांढरीशुभ्रच दिसते.

"तारीख उलटली की औषधाचे विष होते का?" हा प्रश्न मला त्या दिवशी पाच-सहा जणींनी विचारला. बहुतेक औषधांचे होत नाही. ती कमजोर होतात, एवढेच. टेट्रासायक्लिन या जुन्या अँटिबायोटिकने मात्र बिघडल्यावर मूत्रपिंडाला इजा केल्याचे वैद्यकात नोंदलेले आहे. पण कमजोर होणे हे छोटे संकट समजू नका. छातीत कळ आल्यावर जिभेखाली ठेवायची गोळी, दम्याचा पंप, इन्सुलिन, क्षयरोगाची औषधे, फिटची गोळी यांचा जोर कमी पडला तर तो कमी पडल्याचे कळेपर्यंत उशीर झालेला असतो. डोकेदुखीची गोळी कमजोर निघाली तर डोके दुखत राहील, तितके चालेल. या दुसऱ्या औषधांच्या बाबतीत चालणार नाही. म्हणून डब्यात सर्वांत आधी त्यांच्या तारखा तपासा.

खाण्याच्या पाकिटांकडे येऊ. इथे हिशेब थोडा वेगळा आहे. "बेस्ट बिफोर" आणि "यूज बाय" असे दोन शब्द पाकिटांवर दिसतात. बेस्ट बिफोर म्हणजे या तारखेपर्यंत चव, कुरकुरीतपणा, वास उत्तम राहील. त्यानंतर पदार्थ मंदावेल, पण घातक होईलच असे नाही. यूज बाय किंवा एक्स्पायरी म्हणजे यानंतर तो विकू नये. २०२० च्या लेबल-नियमांपासून अन्नाच्या पाकिटावर बनवल्याची किंवा पॅकिंगची तारीख आणि एक्स्पायरी किंवा यूज बाय तारीख देणे आवश्यक आहे, बेस्ट बिफोर ऐच्छिक आहे. याचा परिणाम असा झाला की आता बिस्किटाच्या पुड्यावरही यूज बाय दिसते आणि दुधाच्या पिशवीवरही. शब्द एकच, पण दोन्ही एका मापाने मोजायचे नाहीत. शब्दाबरोबर पदार्थ बघा. ओला पदार्थ आणि कोरडा पदार्थ हा भेद अधिक कामाचा आहे.

दूध, दही, पनीर, मांस, मासे हे ओले पदार्थ. यांच्या तारखेला एक दिवसही वाढवून देऊ नका. तीन महिन्यांपर्यंत टिकणाऱ्या पदार्थांवर दिवस, महिना, वर्ष या क्रमाने तारीख असते. ०५/०६/२६ म्हणजे ५ जून, ६ मे नव्हे. पिशवीतल्या दुधाची तारीख थंडीत ठेवलेल्या दुधाची असते. सकाळी दुकानाच्या पायरीवर उन्हात पडलेल्या क्रेटमधली पिशवी तारखेत असूनही बिघडलेली असू शकते. फुगलेली पिशवी घेऊ नका. आणि "उकळले की सगळे मरते" हे पूर्ण खरे नाही. जंतू मरतात, पण काही जंतूंनी आधीच दुधात सोडलेले विष उकळूनही जात नाही.

बिस्किटे, शेवया, पापड, बंद पाकिटातला चहा हे कोरडे. समजा एका पुड्यावर पॅकिंगची तारीख १४/११/२५ आहे आणि "बेस्ट बिफोर सहा महिने" असे लिहिले आहे. नोव्हेंबर सोडून बोटांवर मोजा, डिसेंबर एक, जानेवारी दोन, असे करत मे सहा. म्हणजे १४ मे २०२६. दुकानात २० मे रोजी असा पुडा घेऊ नका, पण घरातल्या फळीवर बंद सापडला, वास खवट नाही, ओल नाही, किडे नाहीत, तर तो फेकण्याची घाई करायचे कारण नाही. तेलाचे पदार्थ मात्र लवकर खवट होतात, फरसाणाला रंगाच्या डब्यासारखा वास आला तर मुलांना देऊ नका. शेंगदाण्याला किंवा चिक्कीला बुरशी दिसली तर तारीख काहीही असो, निवडून खाऊ नका, सगळे टाका. ती बुरशी यकृताला मारणारे विष बनवते. आणि बाळाच्या दुधाच्या पावडरीचा डबा कोरडा असला तरी तो औषधासारखाच वागवा. मुदत उलटली की नाही, आणि उघडल्यावर डब्यावर लिहिलेल्या आठवड्यांत संपवायचा.

आठवडी बाजारात आणि हातगाडीवर "दहाचे पाचला" अशी बिस्किटे, चॉकलेटे, कधी कधी मलमेही मिळतात. स्वस्त देण्यात गैर नाही, मुदत जवळ आली म्हणून दुकानदार किंमत पाडू शकतो. पण तारीख तपासा. अंगठ्याने हलके घासा. कारखान्यातली शाई सहज जात नाही. तारखेच्या जागी खरवडल्यासारखी चमक, पुसट डाग, मूळ छपाईवर चिकटवलेली दुसरी पट्टी, किंवा बाहेरच्या खोक्यावर एक आणि आतल्या नळीवर दुसरी तारीख दिसली तर ती वस्तू परत करा. तारीख बदलून विकणे आणि मुदत संपलेले औषध विकणे हे दोन्ही गुन्हे आहेत. दुकानदाराने ऐकले नाही तर वस्तू आणि बिल जपून ठेवा, दोन्हींचे फोटो काढा आणि जिल्ह्याच्या अन्न व औषध प्रशासन कार्यालयात लेखी तक्रार द्या. ग्राहकांसाठी १९१५ हा राष्ट्रीय हेल्पलाइन क्रमांकही आहे, त्यावर मराठीत बोलता येते.

बैठकीच्या शेवटी आम्ही बाद औषधांची एक पिशवी भरली. गोळ्या कुटून वापरलेल्या चहापत्तीत कालवल्या, सिरप त्यातच ओतले, पिशवीला गाठ मारून घंटागाडीत दिली. गटारात किंवा शौचालयात ओतले नाही, कारण ते शेवटी पाण्यातच जाते. रिकाम्या बाटल्यांची लेबले फाडली, म्हणजे कुणी त्या पुन्हा भरून विकायला नकोत. अमॉक्सिसिलिनची ती अर्धी बाटलीही त्यातच गेली. त्या ताईंनी दवाखान्यातून आणलेली नवी बाटली तेव्हा त्यांच्या पिशवीत होती. त्यांनी माझ्याकडून मार्कर घेतला आणि तिच्यावर पाणी घातल्याचा दिवस आणि फेकायचा दिवस, दोन्ही लिहिले.